यूएसबी-सी पोर्टमधून लॅपटॉपचे चार्जिंग

यूएसबी-सी पोर्टमधून लॅपटॉपचे चार्जिंग म्हणजे यूएसबी-सी या चोवीस पिनांच्या जोडणीतून लॅपटॉपला वीज पुरवण्याची पद्धत होय. एकाच लॅपटॉपवर दिसायला हुबेहूब सारखी दोन किंवा अधिक यूएसबी-सी पोर्ट असली, तरी त्यांपैकी एकाच पोर्टमधून चार्जिंग होते असे अनेक मॉडेलांत आढळते. दुसऱ्या पोर्टमध्ये तोच चार्जर व तीच केबल लावली असता काहीही घडत नाही. दिवा लागत नाही, पडद्यावर सूचना येत नाही. हे पोर्ट बिघडले आहे, असा वापरकर्त्याचा समज होतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. ते पोर्ट बाहेरून वीज घेण्यासाठी बनवलेलेच नसते आणि चार्जरला तसे प्रत्यक्ष वीज सोडण्यापूर्वीच कळलेले असते.

यूएसबी-सी हे केवळ जोडणीच्या आकाराचे व पिनांच्या मांडणीचे नाव आहे. त्या आकाराच्या पोर्टमधून किती वेगाने माहिती जाते, पडद्यासाठी चित्र बाहेर पडते की नाही आणि वीज कोणत्या दिशेने किती वाहते, हे आकारावरून ठरत नाही. वीजपुरवठ्याची वाटाघाट करणारा यूएसबी पॉवर डिलिव्हरी (संक्षेपाने पीडी) हा स्वतंत्र मानक आहे. पीडीची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये, तर यूएसबी-सी जोडणीचा मानक ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यूएसबी-सी असणे म्हणजे पीडी असणे नव्हे, ही बाब लक्षात घेतल्याशिवाय पुढील गोष्टींचा उलगडा होत नाही.

## वीज देणारा व वीज घेणारा

जुन्या आयताकृती यूएसबी-ए जोडणीत दिशा आकारानेच ठरलेली होती. संगणकाच्या बाजूचे पोर्ट नेहमी ५ व्होल्ट देत असे व जोडलेले उपकरण ते घेत असे. यूएसबी-सी केबलची दोन्ही टोके सारखी असल्यामुळे ही सोय राहिली नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वीज सोडली तर अनर्थ होईल, म्हणून यूएसबी-सी पोर्टच्या वीजवाहक पिना रिकाम्या असताना मृत ठेवल्या जातात. समोर कोण आहे याची खात्री पटल्याशिवाय वीज देणारे उपकरण त्या पिनांवर ५ व्होल्टही सोडत नाही. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावलेल्या यूएसबी-सी चार्जरच्या मोकळ्या टोकावर म्हणूनच व्होल्टमापक शून्य दाखवतो.

ही खात्री करण्याचे काम सीसी१ व सीसी२ या दोन पिना करतात. केबलमध्ये सीसीची एकच तार असते. प्लग सुलटा घातला की ती एका पिनेला आणि उलटा घातला की दुसरीला जोडली जाते. वीज देणारे उपकरण आपल्या सीसी पिना एका रोधकामार्फत वरच्या व्होल्टेजला बांधून ठेवते. वीज घेणारे उपकरण आपल्या सीसी पिना प्रत्येकी ५.१ किलोओहमच्या रोधकाने जमिनीला, म्हणजे ऋण वाहिनीला, बांधून ठेवते. दोघे जोडले गेले की या दोन रोधकांमध्ये व्होल्टेज विभागले जाते आणि सीसी पिनेवरील व्होल्टेज खाली उतरते. वीज देणारा हा उतार ओळखतो व मगच ५ व्होल्ट सोडतो.

देणाऱ्याच्या रोधकाचे मूल्य ठरावीक तीनपैकी एक असते. ५ व्होल्टला बांधलेला रोधक ५६ किलोओहमचा असेल तर तो मूळ यूएसबी पोर्टइतकीच धारा देऊ करतो, २२ किलोओहमचा असेल तर १.५ अँपिअर आणि १० किलोओहमचा असेल तर ३ अँपिअर. घेणारा सीसी पिनेवरील व्होल्टेज मोजून आपल्याला किती धारा ओढण्याची मुभा आहे ते जाणतो. या सगळ्यात अद्याप पीडीचा एकही संदेश गेलेला नसतो. फक्त रोधकांच्या बळावर यूएसबी-सी जास्तीत जास्त ५ व्होल्ट व ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट देऊ शकते. मोबाइल फोनला तेवढे पुष्कळ होते, लॅपटॉपला नाही.

## पॉवर डिलिव्हरीची गरज

साधारण हलक्या लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅटचा चार्जर लागतो. ६५ वॅट ५ व्होल्टवर पोहोचवायचे झाले तर १३ अँपिअर धारा लागेल आणि बोटाएवढ्या जाडीची केबल वापरावी लागेल. व्होल्टेज वाढवले की तेवढ्याच शक्तीसाठी धारा कमी लागते. २० व्होल्टवर ६५ वॅट म्हणजे अवघे ३.२५ अँपिअर. परंतु समोर काय जोडले आहे हे माहीत नसताना २० व्होल्ट सोडणे धोक्याचे असल्याने आधी बोलणी करावी लागतात.

ही बोलणी त्याच सीसी तारेवरून होतात. सुरुवातीला ५ व्होल्ट सुरू झाल्यावर चार्जर आपण देऊ शकणाऱ्या व्होल्टेज-धारांची यादी पाठवतो. लॅपटॉप त्यातील एक पर्याय मागतो, चार्जर मान्यता देतो, व्होल्टेज वाढवतो आणि वीज तयार असल्याचा संदेश धाडतो. हे सर्व सहसा डोळ्याची पापणी लवायच्या वेळेत आटोपते. प्रचलित स्थिर पायऱ्या ५, ९, १५ व २० व्होल्टच्या आहेत व त्यांची कमाल मर्यादा १०० वॅटची आहे. २०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ आवृत्तीने २८, ३६ व ४८ व्होल्टच्या पायऱ्या जोडून ती मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली.

केबलचाही या बोलण्यांत वाटा असतो. ३ अँपिअरपेक्षा अधिक धारा वाहून नेणाऱ्या केबलच्या प्लगमध्ये एक छोटी ओळख-चिप असावी लागते. चार्जर तिला विचारणा करतो. चिप सापडली नाही तर तो ३ अँपिअरच्या वर जात नाही. त्यामुळे ६५ वॅटचा चार्जर साध्या केबलवर २० व्होल्ट व ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटच देतो. चार्जर मोठा असूनही लॅपटॉप कमी वॅट दाखवत असल्यास पहिला संशय केबलवर घ्यावा.

## केवळ माहितीचे पोर्ट

बोलीभाषेत ज्याला 'डेटावाले पोर्ट' म्हटले जाते ते खरे तर वीजविरहित नसते. ते वीज देते, पण घेत नाही. त्यात फोन लावल्यास फोन चार्ज होतो, पेन ड्राइव्ह व बाह्य डिस्क चालते. मात्र त्याच्या सीसी पिनांवर कायमस्वरूपी फक्त देणाऱ्याचा रोधक बसवलेला असतो.

अशा पोर्टमध्ये चार्जर लावला असता काय होते ते पाहणे उद्बोधक आहे. चार्जर हाही देणाराच. दोन्ही बाजू सीसी तारेला वरच्या व्होल्टेजकडे खेचतात, खाली ओढणारा ५.१ किलोओहमचा रोधक कोणाकडेच नसतो. सीसीवरील व्होल्टेज उतरत नाही, म्हणून चार्जरच्या दृष्टीने त्याच्या टोकाला काही जोडलेलेच नाही आणि लॅपटॉपच्या पोर्टच्या दृष्टीनेही तसेच. दोघेही वाट पाहत राहतात. यातून कोणतेही नुकसान होत नाही, तसेच कोणतीही सूचना दाखवायलाही आधार राहत नाही. लॅपटॉपला चार्जर आल्याचे कळलेलेच नसते. पडद्यावर 'चुकीचे पोर्ट' असा संदेश का येत नाही, याचे उत्तर येथेच आहे.

चार्जिंग स्वीकारणारे पोर्ट याहून वेगळे वागते. ते दुहेरी भूमिकेचे असते. रिकामे असताना ते दर सेकंदाला दहा ते वीस वेळा आपली भूमिका पालटत राहते. कधी देणाऱ्याचा रोधक पुढे करते, कधी घेणाऱ्याचा. चार्जर लागला तर घेणाऱ्याच्या पाळीत जोडणी जुळते, फोन लागला तर देणाऱ्याच्या. शिवाय बॅटरी पूर्ण उतरली असताना आणि पोर्टच्या चिपलाही वीज नसताना घेणाऱ्याचा रोधक आपोआप लागू राहील अशी रचना केलेली असते. तशी ती नसती, तर एकदा बॅटरी संपलेला लॅपटॉप यूएसबी-सीवरून पुन्हा कधीच चालू झाला नसता.

## एकाच पोर्टला चार्जिंग देण्याची कारणे

काटकसर हे सर्वांत उघड कारण असले, तरी ती काटकसर नेमकी कशाची हे समजण्यासाठी चार्जिंग पोर्टमागील मंडल पाहावे लागते.

माहितीच्या पोर्टमागे ५ व्होल्टची एक वाहिनी, तिच्यावर धारामर्यादा घालणारा एक स्विच आणि प्लग सुलटा की उलटा हे ओळखणारी साधी चिप एवढ्यावर भागते. चार्जिंग पोर्टला याशिवाय पीडीचे संदेश समजणारा नियंत्रक लागतो. २० व्होल्ट व ३ ते ५ अँपिअर सोसणारे ट्रान्झिस्टर स्विच लागतात आणि तेही पाठीला पाठ लावून जोडीने, कारण एकटा ट्रान्झिस्टर बंद असतानाही उलट दिशेने धारा जाऊ देतो. मदरबोर्डवर पोर्टपासून बॅटरी चार्जरच्या मंडलापर्यंत तांब्याचे रुंद पट्टे ओढावे लागतात. पातळ लॅपटॉपच्या दाट बोर्डवर अशी जागा सहज मिळत नाही, विशेषतः पोर्ट जर बॅटरी-मंडलाच्या विरुद्ध बाजूच्या लहान बोर्डवर असेल तर.

स्विचांची जोडी वगळून दोन पोर्टच्या वीजवाहिन्या सरळ एकमेकींना जोडता येत नाहीत. तसे केले तर पहिल्या पोर्टमध्ये चार्जर लावताच दुसऱ्या पोर्टच्या उघड्या पिनांवर २० व्होल्ट येतील आणि तेथे लावलेला ५ व्होल्टचा पेन ड्राइव्ह तत्क्षणी जळेल. म्हणून चार्जिंग घेणारे प्रत्येक पोर्ट बाकीच्यांपासून पूर्णपणे अलग ठेवता आले पाहिजे आणि दोन पोर्टमध्ये दोन चार्जर लागले तर कोणाचे घ्यायचे याचा निर्णय करणारी व्यवस्थाही हवी. सामान्यतः लॅपटॉप त्यांपैकी एकाच चार्जरची वीज घेतो. दोन चार्जरचे वॅट एकत्र होत नाहीत.

संरक्षणाचा मुद्दाही आहे. यूएसबी-सी जोडणीत सीसी पिन वीजवाहक पिनेच्या अगदी शेजारी बसते. दोन पिनांच्या मध्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर इतकेच असते. केबल तिरपी ओढली गेल्यास किंवा पोर्टमध्ये धातूचा कण अडकल्यास २० व्होल्ट शेजारच्या, ५ व्होल्टच्या आसपासच्या क्षमतेच्या पिनेवर जाऊ शकतात. चार्जिंग पोर्टमध्ये त्यासाठी वेगळी संरक्षक चिप घालण्याची पद्धत आहे. जे पोर्ट ५ व्होल्टपलीकडे जातच नाही त्याला या खर्चाची गरज पडत नाही.

या कारणांमुळे स्वस्त व मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत एक पोर्ट सर्व कामांचे आणि दुसरे केवळ माहितीचे, अशी विभागणी रूढ झाली. तिच्यात तांत्रिक दोष नाही. दोष आहे तो दोन्ही पोर्टना एकच रूप देऊन वर खूण न करण्याच्या प्रथेत. २०१५ मध्ये ॲपलने आणलेल्या बारा इंची मॅकबुकमध्ये एकच यूएसबी-सी पोर्ट असल्याने हा प्रश्न उद्भवला नाही. त्याच वर्षीच्या गूगलच्या क्रोमबुक पिक्सेलमध्ये दोन्ही कडांना एकेक पोर्ट होते व दोन्हींतून चार्जिंग होत असे. सरमिसळ पुढे यूएसबी-सी सर्व किमतींच्या यंत्रांत उतरल्यावर वाढली.

## पोर्टवरील खुणा

पोर्टशेजारी छापलेल्या खुणा उपयोगी असतात, परंतु त्या फसव्याही ठरतात. यूएसबीचा त्रिशूळ बॅटरीच्या आकाराच्या चौकटीत असेल तर ते पोर्ट पीडीचे असल्याचे समजावे. काही उत्पादक त्याऐवजी प्लगचे किंवा बॅटरीचे लहान चित्र छापतात. नुसता त्रिशूळ, 'एसएस' ही अक्षरे किंवा त्यांसोबतचा १० हा आकडा माहितीच्या वेगाविषयी सांगतात, चार्जिंगविषयी नाही.

सर्वाधिक घोटाळा विजेच्या बाणामुळे होतो. टोकाला बाण असलेली वीज ही थंडरबोल्ट या वेगवान जोडणीची खूण आहे. ती पाहून अनेकजण तिला चार्जिंगची खूण समजतात. थंडरबोल्ट ४ च्या अटींत हलक्या लॅपटॉपवरील निदान एका पोर्टमधून चार्जिंग व्हावे असे म्हटले आहे. प्रत्येक पोर्टमधून व्हावे असे नाही. म्हणजे दोन थंडरबोल्ट पोर्टपैकी एक चार्जिंग न घेणारे असले, तरी अटीचा भंग होत नाही. प्रत्यक्षात बहुतेक उत्पादक दोन्हींना ती सोय देतात, पण तिची हमी बाणावरून मिळत नाही.

खूण नसेल तेव्हा मॉडेलच्या तांत्रिक माहितीपत्रकातील शब्द नीट वाचावे लागतात. एखाद्या पोर्टपुढे 'पॉवर डिलिव्हरी' लिहिलेले असेल आणि दुसऱ्यापुढे फक्त '५ गिगाबिट' किंवा '१० गिगाबिट' असे असेल, तर दुसरे माहितीचे आहे. 'बंद असताना चार्जिंग' अशा अर्थाचा उल्लेख मात्र लॅपटॉप बंद असतानाही फोनला वीज मिळण्याविषयीचा असतो; लॅपटॉप स्वतः चार्ज होण्याशी त्याचा संबंध नाही.

## उदाहरण

डाव्या कडेला दोन यूएसबी-सी पोर्ट असलेला, ६५ वॅटच्या चार्जरसह येणारा एक लॅपटॉप घ्यावा. मागच्या पोर्टमधून चार्जिंग होते, पुढच्यातून होत नाही. पुढचे पोर्ट बिघडले आहे की मुळातच माहितीचे आहे, हे ठरवायचे आहे.

प्रथम पुढच्या पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह व नंतर फोन लावून पाहावा. पेन ड्राइव्ह ओळखला गेला आणि फोन चार्ज होऊ लागला, तर त्या पोर्टच्या ५ व्होल्टच्या वाहिन्या, माहितीच्या तारा आणि निदान एक सीसी पिन शाबूत आहेत. आता फोनच्या केबलचा प्लग काढून उलटा करून पुन्हा लावावा. दोन्ही बाजूंनी चालले तर दोन्ही सीसी पिना ठीक आहेत. इतके सिद्ध झाल्यावरही चार्जर लावता शांतता असेल, तर ते पोर्ट वीज घेण्यासाठी बनवलेले नाही, असा निष्कर्ष जवळजवळ निश्चित होतो.

चार्जर व पोर्ट यांच्यामध्ये लावायचे छोटे यूएसबी-सी मापक मिळते. त्याने ही गोष्ट डोळ्यांना दिसते. मागच्या पोर्टवर मापक क्षणभर ५ व्होल्ट व लगेच २० व्होल्टच्या आसपास आकडा दाखवते. बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर धारा २ ते ३ अँपिअरच्या घरात दिसते. पुढच्या पोर्टवर मापकाचा पडदा पेटतच नाही, कारण कोणीच वीज सोडलेली नसते. तेथे जर ५ व्होल्ट दिसले आणि त्यापुढे काही घडले नाही, तर चित्र वेगळे होते. चार्जरला घेणारा रोधक सापडला आहे, म्हणजे पोर्ट वीज घेणारे आहे, पण पीडीची बोलणी फिसकटली आहेत. अशा वेळी चार्जर पीडीचा आहे का, केबल बदलून काय होते आणि पीडी नियंत्रक अडकला आहे का, हे तपासावे. नियंत्रक अडकल्यास लॅपटॉप बंद करून, सर्व केबली काढून, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने पॉवरचे बटण दाबून धरल्यास तो बहुधा पूर्ववत होतो.

आधी चार्ज होणारे पोर्ट अचानक थांबले, तर तो बिघाडच मानावा. चार्जर एका बाजूने लावला तर चालतो आणि प्लग उलटा केला तर चालत नाही, हे सीसी१ किंवा सीसी२ यांपैकी एका पिनेपर्यंत संपर्क पोहोचत नसल्याचे लक्षण आहे. पुष्कळदा पोर्टच्या तळाशी खिशातील कापसासारखी धूळ घट्ट दाबली जाऊन प्लग पूर्ण आत जात नाही एवढेच कारण असते. लॅपटॉप बंद करून व चार्जर काढून लाकडी काडीने ती काढता येते. धातूची टाचणी वापरू नये.

लिनक्स प्रणालीत, संगणकाच्या फर्मवेअरने माहिती पुरवली असल्यास, पोर्टची भूमिका थेट वाचता येते.

```
cd /sys/class/typec
cat port0/power_role
cat port0/power_operation_mode
```

दुहेरी भूमिकेच्या पोर्टमध्ये चार्जर लागलेला असताना पहिल्या फाइलमध्ये `source [sink]` असे दिसते. चौकटी कंसातील शब्द ही चालू भूमिका होय. केवळ देणाऱ्या पोर्टसाठी एकटा `[source]` दिसतो. दुसऱ्या फाइलमध्ये `usb_power_delivery` असेल तर पीडीचा करार झालेला आहे. `1.5A` किंवा `3.0A` असेल तर काम फक्त रोधकांवर चालले आहे. जे पोर्ट या व्यवस्थेला जोडलेलेच नाही ते यादीत आढळत नाही, आणि हीदेखील एक माहितीच आहे. मॅकओएसमध्ये System Information या उपयोजनातील Power या विभागात चार्जरचे वॅट वाचता येतात. विंडोज ११ मध्ये Settings, तेथून Bluetooth & devices आणि मग USB या पानावर यूएसबीवरून चार्जिंग मंद होत असल्यास सूचना देण्याची निवड आहे. ही सूचना अपुऱ्या चार्जरसाठी आहे. माहितीच्या पोर्टमध्ये चार्जर लावल्यास ती येत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे तेथे जोडणीच जुळलेली नसते.

## डॉक व पडदे

एका केबलने वीज, चित्र व माहिती देणारे डॉक किंवा मोठे पडदे चुकीच्या पोर्टला लावल्यास होणारा गोंधळ चार्जरपेक्षा अधिक अवघड असतो, कारण तेथे अर्धे काम चालू राहते. अनेक डॉकची जोडणीही दुहेरी भूमिकेची असते. समोर फक्त देणारे पोर्ट आढळले तर डॉक घेणाऱ्याची भूमिका पत्करतो. त्यामुळे डॉकला जोडलेला कीबोर्ड, माऊस व नेटवर्क सुरळीत चालतात, मात्र लॅपटॉपची बॅटरी उतरत राहते आणि त्या पोर्टला चित्राची सोय नसेल तर पडदाही काळा राहतो. कीबोर्ड चालतो म्हणून पोर्ट बरोबर आहे असे गृहीत धरून वापरकर्ता डॉक किंवा पडद्यात दोष शोधत बसतो. अशा वेळी केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

चार्जिंग पोर्ट एकच असलेल्या लॅपटॉपवर चार्जर लावल्यानंतर त्या पोर्टची चित्र व वेगवान माहितीची सोय अडकून पडते. ती मोकळी करण्यासाठी वीज पुढे पाठवणारे हब वापरतात. हब चार्जरच्या वॅटांपैकी काही स्वतःसाठी व आपल्या पोर्टसाठी राखून ठेवतो आणि उरलेल्यांचीच यादी लॅपटॉपपुढे मांडतो. ६५ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉपच्या वाट्याला ५० वॅटच्या आसपासच आले तर त्यात नवल नाही. स्वतंत्र गोल पिनेचा २०० वॅटपेक्षा मोठा अडॅप्टर असलेल्या खेळांच्या लॅपटॉपांत तर यूएसबी-सी चार्जिंग पूरक स्वरूपाचे असते. १०० वॅट मिळत असतानाही जड काम चालू केल्यास बॅटरी उतरताना दिसते आणि तो बिघाड नसतो.

## सदोष उपकरणे व केबली

वर वर्णिलेली सुरक्षितता दोन्ही बाजूंनी मानक पाळला तरच टिकते. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत सीसी१ व सीसी२ यांना स्वतंत्र रोधक देण्याऐवजी दोहोंत मिळून एकच रोधक बसवला गेला होता. साध्या केबलवर तो चालत असे. परंतु ओळख-चिप असलेली केबल लावल्यास चिपचा रोधक त्यात मिसळून चार्जरला समोर ध्वनी-उपकरण असल्याचा भास होई व तो वीज सोडत नसे. चांगल्या प्रतीची केबल लावली तर न चालणारे आणि स्वस्त केबलवर चालणारे असे हे विरळ उदाहरण पुढील आवृत्तीत सुधारण्यात आले.

केबलींचा इतिहास याहून गंभीर आहे. यूएसबी-ए ते यूएसबी-सी केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक असणे अपेक्षित असताना आरंभीच्या अनेक केबलींत १० किलोओहमचा घातलेला असे. त्यामुळे जुन्या पोर्टची कुवत नसतानाही ते ३ अँपिअर देऊ शकते, असा चुकीचा निरोप उपकरणाला मिळत असे. गूगलमधील अभियंता बेन्सन लियुंग यांनी अशा केबली तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर करण्याचा उपक्रम चालवला. २०१६ मध्ये तारांची अदलाबदल झालेल्या एका केबलने त्यांच्या चाचणीतील क्रोमबुक पिक्सेलच निकामी केला.

अशा केबलीने लॅपटॉपला यूएसबी-ए चार्जर जोडणे हाही वारंवार होणारा प्रयोग आहे. त्या केबलच्या यूएसबी-ए टोकाकडून सीसीवर पीडीची बोलणी होऊ शकत नाहीत. चार्जिंग पोर्टमध्येही फक्त ५ व्होल्ट येतात आणि बरेच लॅपटॉप तेवढी वीज नाकारतात. त्यावरून पोर्ट माहितीचे असल्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरते. पोर्टची परीक्षा नेहमी दोन्ही टोके यूएसबी-सी असलेल्या केबलने व पीडी चार्जरने करावी.

## नियमन

भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सी जोडणीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध केला. युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेल्या समान चार्जर निर्देशाची अंमलबजावणी फोन व इतर लहान उपकरणांसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून झाली, तर लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. या नियमांचा भर लॅपटॉपला यूएसबी-सीने चार्ज करता यावे यावर आहे. दोन पोर्टपैकी कोणत्या पोर्टमधून, या वापरकर्त्याच्या प्रश्नाला अधिक थेट भिडणारे पाऊल मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये उचलले. विंडोजच्या हार्डवेअर प्रमाणनासाठी लॅपटॉपवरील प्रत्येक यूएसबी-सी पोर्टने माहिती, चार्जिंग व किमान एक पडदा या तिन्ही गोष्टी दिल्या पाहिजेत, अशी अट त्यात आहे. ही अट नव्याने प्रमाणित होणाऱ्या यंत्रांपुरती आहे. आधी विकल्या गेलेल्या लॅपटॉपांतील माहितीच्या पोर्टला चार्जिंगची क्षमता सॉफ्टवेअर बदलून देता येत नाही, कारण तिला लागणारे स्विच, वाहिन्या व नियंत्रक त्या पोर्टमागे बसवलेलेच नसतात.